विषय: एनएमएमएस शिष्यवृत्तीची रक्कम सांगितलेल्या तारखेनंतरही जमा न झाल्याबाबत

दिनांक: 4 फेब्रुवारी 2026

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शालेय कार्यालयामार्फत)
कोल्हापूर

अर्जदार: सविता मारुती चौगुले, फुलेवाडी, कोल्हापूर
विद्यार्थिनी: श्रावणी मारुती चौगुले, इयत्ता 10 वी ब, हजेरी क्रमांक 27

महोदय,

माझी मुलगी श्रावणी आठवीत असताना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत निवडली गेली. वर्षाला 12,000 रुपये, नववी ते बारावी. नववीचे पैसे तिच्या खात्यावर आले, त्याबद्दल तक्रार नाही. यंदाच्या नूतनीकरणाचा अर्ज आम्ही ऑगस्टमध्ये भरला आणि त्याची प्रत, नववीचे गुणपत्रक व उत्पन्नाचा दाखला त्याच आठवड्यात कार्यालयात दिला. पोचीवर शाळेचा शिक्का आहे.

6 डिसेंबरच्या पालकसभेत कार्यालयाकडून सांगण्यात आले की 15 जानेवारीपर्यंत पैसे खात्यावर पडतील. मी ती तारीख पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवली होती. आज त्या तारखेला वीस दिवस झाले.

मध्यंतरी मी दोनदा आणि श्रावणीचे वडील एकदा कार्यालयात येऊन गेले. ते शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत, दुपारी शाळेत यायचे म्हणजे अर्धी हजेरी जाते. तिन्ही वेळा उत्तर एकच मिळाले: "आमच्याकडून सगळं वर गेलंय, पैसे दिल्लीहून येतात, बँकेत चौकशी करा."

म्हणून बँकेत गेले. खाते चालू आहे, केवायसी झालेली आहे. आधारला तेच खाते जोडलेले आहे. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसते, त्याचा प्रिंट काढून आणला आहे. पैसे आधारवरून येतात, त्यामुळे खाते क्रमांक चुकण्याचाही प्रश्न नाही, असे शाखेतल्या मॅडम म्हणाल्या.

मग 30 जानेवारीला आमच्या इथल्या सेवा केंद्रात श्रावणीचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर उघडून पाहिला. तिथे अर्ज अजून शाळेच्या स्तरावर पडताळणीसाठी बाकी दिसतो. जिल्ह्याकडे तो गेलेलाच नाही. म्हणजे कार्यालय सांगते एक आणि पोर्टल दाखवते दुसरे. मी कुणावर आळ घेत नाही. सध्या कार्यालयात दहावीची हॉल तिकिटे, प्रात्यक्षिकांचे गुण, सगळे एकाच माणसाच्या गळ्यात आहे, हे खिडकीतून दिसते. एखादा अर्ज राहून जाऊ शकतो. पण राहिला असेल तर तसे सांगावे. बँकेत जा म्हणून आम्हाला हेलपाटे घालायला लावू नयेत.

माझी खरी काळजी या 12,000 पेक्षा पुढची आहे. जूनमध्ये श्रावणी अकरावीला दुसरीकडे जाईल. यंदाचा अर्ज असाच अडकून राहिला, तर नव्या कॉलेजात नूतनीकरण करताना आम्ही कुणाच्या दारात उभे राहायचे? तिथले लोक म्हणणार, जुन्या शाळेत विचारा.

तरी माझी विनंती अशी, की आपल्या लॉगिनमधून श्रावणीचा अर्ज नेमका कुठे थांबला आहे ते आज-उद्या पाहावे. शाळेची पडताळणी बाकी असेल तर ती करावी. काही त्रुटी असेल तर कोणती ते सांगावे, मी त्याच दिवशी कागद आणून देईन. पडताळणीची मुदत उलटून गेली असेल, तर जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षण विभागाला शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्यावे आणि त्याची एक प्रत मला मिळावी. हे पत्र पालकाने देऊन चालत नाही, शाळेनेच द्यावे लागते, असे मला तिथे चौकशी केल्यावर सांगितले.

याचे उत्तर कृपया 11 फेब्रुवारीपर्यंत लेखी मिळावे. तोंडी तारीख आता नको. नुसते "अर्ज अमुक ठिकाणी आहे" एवढी एक ओळ लिहून दिली तरी चालेल.

एक आणखी. श्रावणीला कृपया वर्गातून बोलावून याबद्दल विचारू नये. गेल्या आठवड्यात तिला चालू तासातून कार्यालयात बोलावले होते आणि ती घरी येऊन "आई, राहू दे ते पैसे" म्हणाली. परीक्षा तोंडावर आहे. जे विचारायचे ते मला विचारावे. माझा मोबाईल क्रमांक शाळेच्या नोंदीत आहे, दुपारी एकनंतर मी केव्हाही येऊ शकते.

सोबत अर्जाची पोच, पासबुकाच्या पहिल्या व शेवटच्या पानाची झेरॉक्स, बँक सीडिंगचा प्रिंट आणि 30 जानेवारीचा पोर्टलवरील स्थितीचा प्रिंट जोडला आहे. या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घालून पोच द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
सविता मारुती चौगुले
(श्रावणीची आई)