परीक्षेआधी दोन शब्द

बसा, बसा. अन्नसुरक्षेचा पेपर यायला दहा मिनिटं आहेत. वह्या मिटा आता.

काल तुर्भ्याच्या ताई म्हणाल्या, "सर, वीस वर्षं पोळ्या लाटतेय, पण पेन हातात घेतलं की घाम फुटतो." ताई, या पेपरात तुमच्या हाताला माहीत नाही असं फार काही नाहीये. कच्चं चिकन कापलेल्या पाटावर तुम्ही कोशिंबिरीची काकडी कापता का? नाही ना? मग तो प्रश्न सुटला.

आकडा एकच घोकायचा: ५ ते ६० अंश. जंतू याच पट्ट्यात झपाट्याने वाढतात. गरम पदार्थ ६० च्या वर, थंड ५ च्या खाली. आणि भाताचा प्रश्न आला तर घाई नको. भात शिजला तरी त्यातले काही जंतूंचे बीजाणू मरत नाहीत. पातेलं रात्रभर ओट्यावर राहिलं की ते जागे होतात, विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून भात पसरट ताटांत काढून लवकर गार करायचा आणि फ्रिजमध्ये ठेवायचा. परवा कोपरखैरण्याच्या दादांनी हे माझ्यापेक्षा छान समजावलं होतं.

प्रश्न दोनदा वाचा. 'नाही' हा शब्द नजरेतून सुटतो, तिथेच मार्क जातात. अडलात तर पुढे जा, मग परत या.

तुमच्या हातचं रोज कितीतरी लोक विश्वासाने जेवतात. मला तुमचा फार अभिमान आहे.

चला, आधार कार्ड बाहेर काढा, मोबाइल बंद करा. पाणी प्यायचंय कुणाला?