आईच्या फोनचे दोन स्क्रीनशॉट

दादा, काल आई फोनवर नीट सांगत नव्हती, म्हणून तिचा फोनच घेऊन बसले. नंबर मधून मी झाकलेत, ग्रुपवर सगळे काका-मामा आहेत. नावं मात्र फोननेच तोडलीत. खालून वर वाच.

कॉल लॉग : काल

दादरचा मोठा अ… (३)
९९••••••०५ · मिस्ड · ११:२०

१९३०
आउटगोइंग · ११:०६ · ९ मि

कुलकर्णी वहिनी शे…
०२२ २३••••६७ · आउटगोइंग · १०:५१ · २ मि

१६००••••१८ (२)
मिस्ड · १०:४४

गॅस ऑफिसचे सा… (४)
७०••••••९३ · मिस्ड · १०:३१

गॅस ऑफिसचे सा…
७०••••••९३ · आउटगोइंग · १०:१२ · ११ मि

परवा

गॅस ऑफिसचे सा…
७०••••••९३ · इनकमिंग · १९:४८ · ३ मि

परवा रात्री त्याने सांगितलं, बिल थकलंय, आज लाइन कापतो. आईने नंबर सेव्ह करून ठेवला (सवय!). सकाळी तिला शंका आली म्हणून आपल्या नेहमीच्या मीटरवाल्या साहेबांना विचारायला गेली. आता हे बघ.

संपर्क : ग

गणपती मखरवाले ला…
९३••••••७७

गॅस ऑफिसचे सा…
९८••••••४१

गॅस ऑफिसचे सा…
७०••••••९३

गॅस शेगडी दुरुस्ती…
८१••••••२०

पहिल्याचं पूर्ण नाव ‘गॅस ऑफिसचे साहेब मीटरवाले’, दुसऱ्याचं ‘गॅस ऑफिसचे साहेब नवीन’. खात्री करायला फोन लावला तो नेमका त्याच चोराला! तो म्हणाला, हो बाई, खरंच आहे. वर एक एपीके फाइल पाठवली. ती उघडली, पण चष्मा सापडेना म्हणून इन्स्टॉलपर्यंत गेली नाही. चष्म्याला माझ्यातर्फे पेढे.

१६०० चा मिस्ड कॉल बँकेचा असणार. ती मालिकाच बँकांच्या सेवा कॉलसाठी आहे, जाहिरातवाले १४० वरून करतात. आई घाबरून उचलतच नव्हती, आणि ७० वाल्याला मात्र आपणहून अकरा मिनिटं दिली. मग वहिनींनी १९३० लावून दिला. पैसे गेलेले नाहीत, खातं मी शाखेत जाऊन तपासलं.

नंबर ब्लॉक केलाय, डिलीट नाही. तक्रारीला न झाकलेला लॉग लागेल, तो तुला वेगळा पाठवते, इथे टाकू नकोस. नावंही बदलली, ओळख आता पुढे : ‘मीटर साहेब’ आणि ‘चोर गॅस’. आईला दुसरं नाव फार आवडलंय.

तुझे तीन मिस्ड कॉल तिने पाहिलेच नाहीत. ‘दादरचा मोठा अ…’ मधला ‘अ’ कशाचा, हे विचारलं तर म्हणाली, ‘अभय’ कसा, ‘अजून फोन केला नाही’ असं लिहिलंय.