प्रवचनापूर्वी वक्त्यांचा परिचय

राम कृष्ण हरी, मंडळी.

चातुर्मासातल्या या प्रवचनमालेत आज आपल्यापुढे बसलेत ते मंगळवेढा तालुक्यातले ह. भ. प. माणिक महाराज. पत्रिकेत त्यांच्या नावापुढे ‘ह. भ. प.’ सोडून दुसरी एकही पदवी दिसली नसेल. त्यांनी तसंच कळवलं होतं. परिचयात काय सांगावं हे मी त्यांना फोनवर विचारून घेतलं आणि आज सकाळी हा कागद त्यांना वाचून दाखवला. दोन वाक्यं त्यांनी काढायला लावली, ती काढली आहेत.

महाराज शेतकरी आहेत. घरची सहा एकर कोरडवाहू जमीन, त्यात ज्वारी आणि हरभरा. घरात वडिलांपासून पंढरीची वारी आहे. दहावीनंतर ते आळंदीला गेले आणि वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला. विष्णुबुवा जोग महाराजांनी 1917 साली सुरू केलेली ही संस्था आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. तिथून 1990 साली ते गावी परतले. तेव्हापासून दिवसा शेती आणि संध्याकाळी देवळात मुलांना हरिपाठ, गीतेचे श्लोक आणि पखवाजाचे बोल शिकवणं, असा त्यांचा क्रम आहे. शिकलेली सगळीच मुलं पुढे टिकली नाहीत, हे त्यांनीच मला सांगितलं. काही टिकली, त्यातले दोघे आज सोबत आले आहेत.

त्यांनी पुस्तक लिहिलेलं नाही. संस्कृतचा अभ्यास आळंदीत झाला तेवढाच, त्यामुळे गीतेवरची इतर भाष्यं आपण मुळातून वाचलेली नाहीत, असं ते स्पष्ट सांगतात. त्यांचा अभ्यास आहे तो ज्ञानेश्वरीचा, आणि त्यातही एकेका ओवीवर थांबून वाचण्याचा. आपल्या मंडळातल्या काहींनी त्यांना मंगळवेढ्यात ऐकलं होतं. एका ओवीसाठी ते पाऊण तास देतात आणि तरी विषय सोडून कुठे जात नाहीत, हे त्यांना भावलं, म्हणून आपण त्यांना बोलावलं. ज्यांना चुटके आणि चढा आवाज यांची सवय आहे, त्यांना पहिली दहा मिनिटं थोडी संथ वाटतील. आवाजही त्यांचा बारीक आहे. मागे खांबाजवळ बसलेल्यांनी कृपया पुढे यावं, सतरंजीवर भरपूर जागा आहे.

आज कीर्तन नाही, प्रवचन आहे. त्यामुळे टाळकरी उभे राहणार नाहीत. विषय ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय, भक्तियोग. गीतेतले इथले श्लोक अवघे वीस. त्यातल्या तेराव्या श्लोकापासून, म्हणजे ‘अद्वेष्टा सर्वभूतानां’पासून भक्ताची लक्षणं सुरू होतात. त्या श्लोकावरची एकच ओवी महाराज आज घेणार आहेत:

उत्तमातें धरिजे । अधमातें अव्हेरिजे ।
हें कांहींचि नेणिजे । वसुधा जेवीं ॥

चांगल्याला धरावं, वाईटाला टाकावं, असा भेद जमीन जाणत नाही. याच्या पुढे माउली प्राणाचा आणि पाण्याचा दृष्टांत देतात. ज्यांच्याजवळ पोथी आहे त्यांनी बारावा अध्याय काढून ठेवावा. जमीन कसणारा माणूस या ओवीकडे कसा पाहतो हे ऐकायची मला स्वतःला फार ओढ आहे, एवढं माझ्या मनातलं सांगतो.

आता सत्काराबद्दल. शाल, श्रीफळ, हार यांतलं काहीही आज होणार नाही. तुकोबांचा अभंग आपल्या सगळ्यांच्या पाठात आहे:

जेथें कीर्तन करावें । तेथें अन्न न सेवावें ॥
बुका लावूं नये भाळा । माळ घालूं नये गळां ॥

अभंग कीर्तनाबद्दल आहे, पण महाराज प्रवचनालाही तो लावून घेतात. म्हणून त्यांनी आपल्याकडे जेवणही घेतलेलं नाही, भाकरी बांधून आणली आहे. एस.टी.च्या तिकिटाचे पैसे मंडळाने देऊ केले, तेही त्यांनी घेतले नाहीत. कोणी मनाने काही आणलं असेल तर ते महाराजांच्या हाती देऊ नका. त्यांना अवघडल्यासारखं होतं. द्यायचंच असेल तर देवळाच्या पेटीत टाका.

प्रवचन साधारण सव्वा तास चालेल. शंका असतील त्या शेवटी विचारता येतील, उभं राहून विचारा किंवा चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे द्या. ज्याचं उत्तर माहीत नसेल त्याला माहीत नाही म्हणेन, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे. मोबाईल तेवढे बंद करा. लहान मुलं आत आली तर येऊ द्या, महाराजांना त्याची अडचण नाही.

महाराज, आपण सुरुवात करावी.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!