करार कायदा, सराव संच ४ : प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल (उत्तरं व स्पष्टीकरणासह)

प्रश्न चार, वेळ आठ मिनिटं. उत्तरं लगेच खाली आहेत, ती कोऱ्या कागदाने झाकून ठेवा. प्रश्नात दिलेलं तत्त्व जसंच्या तसं खरं धरायचं, स्वतःचं मत त्यात मिसळायचं नाही.

गेल्या शनिवारी ज्यांचे गुण गेले त्यांना कलमं येत नव्हती असं नाही. 'बिचाऱ्याने एवढं केलंय, पैसे मिळायलाच हवेत' असं मनात आलं आणि त्याच पर्यायावर खूण झाली. म्हणून या वेळी वस्तुस्थिती वाचताना समासात लिहा: कोण, कोणाला, काय म्हणालं आणि समोरच्याला ते कधी कळलं.

प्रश्न १

तत्त्व: जो प्रस्ताव माहीतच नाही, तो स्वीकारता येत नाही.

वस्तुस्थिती: मिरज स्टेशनवर दत्तात्रयची पिशवी हरवते. आत जमिनीची मूळ कागदपत्रं आहेत. १२ मेच्या सकाळी तो स्थानिक पेपरात जाहिरात देतो: 'पिशवी आणून देणाऱ्यास ५,००० रुपये.' पिशवी सापडते रिक्षाचालक सलीमला. आतल्या कागदावरचा पत्ता बघून तो त्याच दुपारी ती घरपोच करतो. संध्याकाळी चहाच्या टपरीवर पेपर चाळताना जाहिरात त्याच्या नजरेस पडते. दुसऱ्या दिवशी तो ५,००० रुपये मागतो.

(अ) पैसे द्यावे लागतील, कारण जाहिरात सर्वांसाठी केलेला प्रस्ताव होती.
(ब) पैसे द्यावे लागतील, कारण सलीमने अट पूर्ण केली.
(क) पैसे द्यावे लागणार नाहीत, कारण पिशवी देताना सलीमला प्रस्ताव माहीत नव्हता.
(ड) पैसे द्यावे लागणार नाहीत, कारण जाहिरात कधीच प्रस्ताव ठरत नाही.

उत्तर: (क)

(अ) मधलं विधान खरं आहे आणि फसवणूक तिथेच आहे. बक्षिसाची जाहिरात सर्वांसाठीचा प्रस्ताव असते. पण प्रश्न स्वीकृतीचा आहे. कलम ८ प्रमाणे प्रस्तावातली अट पूर्ण करणं म्हणजे स्वीकृती, मात्र ती प्रस्ताव माहीत असताना पूर्ण व्हायला हवी. लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त (अलाहाबाद उच्च न्यायालय, १९१३) या खटल्यात मालकाचा हरवलेला पुतण्या शोधायला नोकर कानपूरहून हरिद्वारला गेला. तो गेल्यावर मालकाने ५०१ रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. मुलगा सापडला तेव्हा नोकराला त्याची खबर नव्हती, म्हणून दावा फेटाळला गेला.

आता एकच ओळ बदलू. सलीमने जाहिरात दुपारी पिशवी द्यायला निघण्यापूर्वी वाचली असती तर? पिशवी सापडली आधी, हे खरं. पण अट सापडण्याची नव्हती, आणून देण्याची होती. अट पूर्ण करताना प्रस्ताव माहीत होता, म्हणजे करार झाला.

अजून एक बदल, आणि हा मला फार आवडतो. जाहिरातच नाही. सलीम पिशवी देतो, दत्तात्रयच्या डोळ्यांत पाणी येतं आणि तो म्हणतो, 'तुम्हाला मी ५,००० रुपये देईन.' पुढच्या आठवड्यात नाकारतो. वर्गात जवळजवळ सगळे म्हणाले, 'काम आधी झालं, प्रतिफल नाही, करार नाही.' चूक! कलम २५(२) पाहा: वचन देणाऱ्यासाठी कोणी स्वेच्छेने आधीच काही केलं असेल, तर त्याची भरपाई देण्याचं वचन प्रतिफलाशिवायही बंधनकारक असतं. पाकीट सापडून परत दिल्याचं उदाहरण कायद्यातच दिलं आहे. सलीमला पैसे मिळतील. 'माहिती नव्हती' हा मुद्दा इथे लागतच नाही, कारण वचन त्याला तोंडावर दिलं गेलं.

प्रश्न २

तत्त्व: स्वीकृतीचं पत्र स्वीकारणाऱ्याच्या हातून सुटून वाटेला लागलं की प्रस्ताव करणारा बांधला जातो, स्वीकारणारा मात्र ते पत्र समोरच्याला कळल्यावरच बांधला जातो. प्रस्ताव मागे घेतल्याचं समोरच्याला कळेपर्यंत तो त्याच्यापुरता मागे घेतलेला नसतो.

वस्तुस्थिती: जुन्नरचा सुहास सांगलीच्या मीनाक्षीताईंना जुना ट्रॅक्टर ३,४०,००० रुपयांना विकण्याचं पत्र पाठवतो. ते ६ जूनला मिळतं. ७ जूनला सकाळी ९ वाजता सुहास 'विकायचा नाही' असं दुसरं पत्र टाकतो. त्याच दिवशी ११ वाजता मीनाक्षीताई होकाराचं पत्र टाकतात. दोन्ही पत्रं १० जूनला पोचतात.

(अ) करार नाही, कारण सुहासचं पत्र दोन तास आधी टाकलं होतं.
(ब) सुहास ७ जूनला ११ वाजता बांधला गेला.
(क) सुहास १० जूनला बांधला गेला.
(ड) दोन्ही पत्रं एकाच दिवशी पोचल्याने दोन्ही रद्द.

उत्तर: (ब)

हे कलम ४ आणि ५. ९ आणि ११ हे आकडे प्रश्नकर्त्याने मुद्दाम शेजारी ठेवले आहेत. नकाराचं पत्र टाकल्याची वेळ मीनाक्षीताईंच्या दृष्टीने शून्य. त्यांना ते कळलं १० तारखेला, आणि तोवर तीन दिवसांपूर्वीच सुहास अडकला होता.

उलट बाजू: ९ जूनला मीनाक्षीताईंनी फोन करून 'ट्रॅक्टर नको' असं सुहासला कळवलं असतं, तर त्या सुटल्या असत्या. त्यांचं पत्र तेव्हा वाटेतच होतं. एकाच क्षणी एक बांधलेला आणि दुसरा मोकळा, हे विचित्र वाटेल. पण आपला कायदा तसाच आहे. होकारच फोनवर दिला असेल, तर पत्राचा नियम चालत नाही: होकार जिथे ऐकला गेला तिथे करार होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने भगवानदास केडिया खटल्यात (१९६६) ठरवलं.

प्रश्न ३

तत्त्व: स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त हवी.

वस्तुस्थिती: रेखा स्कूटर ४२,००० ला देऊ करते. अनिल म्हणतो, '४० ला घेतो.' रेखा म्हणते, 'नाही जमणार.' अनिल लगेच, 'बरं, ४२ ला घेतली.' रेखा गप्प.

करार झाला का?

उत्तर: नाही. ४० म्हणताच अनिलने स्वतःचा नवा प्रस्ताव मांडला आणि रेखाचा मूळ प्रस्ताव संपला. शेवटचं वाक्य पुन्हा अनिलचाच प्रस्ताव. रेखाचं गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. अनिलने फक्त 'दोन हप्त्यांत चालेल का?' असं विचारलं असतं, तर ती चौकशी. मूळ प्रस्ताव जिवंत राहिला असता.

प्रश्न ४

तत्त्व: प्रतिफल म्हणजे वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून केलेली किंवा टाळलेली कृती, ती वचन घेणाऱ्याने किंवा इतर कोणीही केलेली चालते.

वस्तुस्थिती: गावातल्या वाचनालयासाठी बापूसाहेब ५१,००० रुपयांची देणगी सहीनिशी कबूल करतात. वर्गणी मागताना समितीने सगळ्यांना सांगितलेलं असतं की या कबुलीवर विसंबून बांधकामाचं कंत्राट दिलं जाईल. समिती कंत्राट देते, पाया खणला जातो. बापूसाहेब पैसे नाकारतात.

(अ) देणगी म्हणजे भेट, सक्ती नाही.
(ब) बापूसाहेबांना वैयक्तिक फायदा नाही, म्हणून प्रतिफल नाही.
(क) पैसे द्यावे लागतील, कारण त्यांच्या कबुलीवर विसंबून समितीने देणं अंगावर घेतलं.

उत्तर: (क)

(ब) वर खूण केली असेल तर तत्त्व पुन्हा वाचा. तिथे 'फायदा' हा शब्दच नाही. हावड्याच्या टाउन हॉलसाठी कबूल केलेले १०० रुपये केदारनाथ भट्टाचार्जी विरुद्ध गोरी महोमेद (कलकत्ता, १८८६) या खटल्यात याच कारणाने वसूल झाले. समितीने काहीच केलं नसतं, कागद नुसता कपाटात पडून असता, तर मात्र उत्तर उलटं.

आता याच वाचनालयासमोर गणपत तहसीलदारांच्या सांगण्यावरून स्वखर्चाने ओटा बांधतो. नंतर तिथे बसणारे भाजीवाले त्याला रोज १० रुपये द्यायचं कबूल करतात आणि पुढे थांबवतात. गणपतचा दावा पडेल. ओटा बांधला गेला तहसीलदारांच्या इच्छेवरून, भाजीवाल्यांच्या नव्हे. दुर्गा प्रसाद विरुद्ध बलदेव (१८८०) मध्ये हेच झालं. आणि कलम २५(२) ची आठवण झाली असेल तर थांबा: गणपतने ओटा भाजीवाल्यांसाठी बांधलेला नव्हता, सलीमने पिशवी मात्र दत्तात्रयसाठीच आणली होती.