कायमस्वरूपी अपंगत्वाचा वैद्यकीय सारांश अहवाल

रुग्ण: पुरुष, वय 38, पॉवर प्रेस ऑपरेटर, उजवा हात प्रमुख.
अपघात: 12 मार्च 2024. तपासणी: 20 मे 2025.

डायमध्ये अडकलेला पत्रा काढताना रॅम खाली आला. उजवी तर्जनी मधल्या सांध्यातून, मधले बोट टोकाच्या सांध्यातून तुटले. जोडणी शक्य नसल्याने त्याच दिवशी खुंट बंद केले. गेल्या सहा महिन्यांत प्रकृतीत बदल नाही. आणखी सुधारणा अपेक्षित नाही, म्हणून मूल्यांकन आता योग्य ठरते.

तपासणी: जखमा भरलेल्या. तर्जनीच्या खुंटावर बाहेरच्या बाजूस टिचकी मारताच झिणझिण्या येतात, तेथे न्यूरोमा आहे. पकड उजवी 24, डावी 41 किलो (तीन प्रयत्नांची सरासरी). मेजावरचे वॉशर तो अंगठा आणि अनामिकेत धरून उचलतो. तीनपैकी एक निसटतो.

टक्केवारी (अमेरिकन मेडिकल असोसिएशन मार्गदर्शिका, पाचवी आवृत्ती): तर्जनी 80% × 20 = हाताचे 16%; मधले बोट 45% × 20 = 9%. एकूण हात 25%, वरचे अंग 23%, संपूर्ण शरीर 14%. पकडीतील घट वेगळी धरलेली नाही; बोटेच नसल्याने तो तोटा वरील आकड्यात आलाच आहे. मात्र ही टक्केवारी कमाईतील नुकसान नव्हे. याच्या कामात चिमटीची पकड रोज लागते, हे भरपाई ठरवताना स्वतंत्रपणे पाहावे.

कामावर मर्यादा: प्रेस व कंपन करणारी हत्यारे कायम बंद, उजव्या हाताने 5 किलोपेक्षा जास्त उचलणे नाही, थंडीत हातमोजे आवश्यक. न्यूरोमाचे दुखणे वाढल्यास हस्तशल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

व्यावसायिक आरोग्य चिकित्सक