शिलाई बाकी

बार्शीत भगवंत मंदिराच्या मागच्या बोळात अप्पांचं दुकान. दोन पायमशिनी, एकीवर अप्पा, दुसरीवर आई फॉल-पिको करते. दिवाळी तोंडावर आली तरी मापाच्या वहीची पानं कोरीच होती. रेडिमेडचा सेल लागला की हे असंच. म्हणून ओंकारनं व्हिडिओची टूम काढली.

फोन त्याचाच. एस्टी स्टँडवर पडला तेव्हापासून काच तडकलेली, डावीकडची निम्मी स्क्रीन शाई सांडल्यासारखी काळी. लाल बटन बोटाला दाद देत नव्हतं; आवाजाचं बटन दाबलं की रेकॉर्डिंग सुरू व्हायचं, ही युक्ती त्याला सापडली होती. इस्त्रीच्या टेबलावर रिळांचा टेकू देऊन त्यानं फोन उभा केला. उजव्या बाजूला अप्पा दिसले, बस्स झालं.

"म्हणा, नमस्कार मंडळी."

"कुठली मंडळी? तू एकटाच तर हायस."

"अप्पा, म्हणा की."

अप्पांनी गळ्यातला टेप नीट केला. "नमस्कार. आमच्याकडं शर्ट, पँट, सफारी, ब्लाउज शिवून मिळतील. अस्तराचे पैसे वेगळे." आणि सुईकडं बघत गप्प बसले.

"थोडं हसा ना."

"हसून काय काज पडत्यात व्हय?"

एवढंही रेकॉर्ड झालं. ओंकारनं तसंच स्टेटसला टाकलं.

आईनं तिच्या फोनवर बघितलं आणि पदर तोंडाला लावला. अप्पा एका कडेला, अर्धा कान बाहेर. मधोमध मात्र मागची फळी: लोकांनी शिवायला टाकून न नेलेल्या कपड्यांचा ढीग, टाचणीनं लावलेल्या चिठ्ठ्यांसकट.

"काढून टाक ते," अप्पा म्हणाले. "गिऱ्हाइकाची नावं चव्हाट्यावर मांडायची नसतात."

ओंकार काढायलाच बसला होता, पण पुसण्याचं चिन्ह नेमकं काळ्या भागात. तेवढ्यात मेसेज आला. 'ती करडी पँट माझी आहे का? चिठ्ठीवर नाव वाचलं.'

संध्याकाळी गुरुजी स्वतः आले. ओशाळलेले. "लॉकडाऊनमध्ये राहूनच गेलं हो. मला वाटलं, एव्हाना तुम्ही देऊन टाकली असेल कुणाला."

"दुसऱ्याला कशी बसंल?" अप्पांनी वही उघडलीच नाही. "2019 ची दिवाळी. कंबर चौतीस, डावा पाय अर्धा इंच आखूड. शंभर ॲडव्हान्स, अडीचशे बाकी."

गुरुजींनी पाकीट काढलं. अप्पांनी पैसे घ्यायच्या आधी त्यांच्या कंबरेभोवती टेप फिरवला, आकडा बघितला आणि कानामागचा खडू काढला.

"अडतीस. आत कापड सोडलंय, दीड-दोन इंच सुटंल. उरल्यालं पोट तुमचं तुम्ही बघा. अन् गुरुजी, आल्टरचे साठ वेगळे."