पहिल्या ६०० डब्या : बाजारात येण्याचा आराखडा

वहिनी, दादा,

कालच्या बोलण्यातून ठरलेलं सगळं लिहून काढलंय. वाचा, पटत नसेल तिथे खूण करा. रविवारी बसून पक्कं करू.

पहिल्या खेपेत एकच वस्तू: कोकम बटर आणि मेणाचा लिप बाम, ८ ग्रॅमची पत्र्याची डबी, छापील किंमत २४९ रुपये. क्रीम आणि काजळ नंतर. कारखान्याला ६०० डब्यांची ऑर्डर द्यायची, पण त्या सगळ्या विकायला काढायच्या नाहीत. ३० डब्या बॅचचे नमुने म्हणून आपल्याकडे राहतील, २० फुटक्या-वितळलेल्यांच्या बदल्यात द्यायला आणि ५० पार्लरवाल्या ताईंना वापरून बघायला. आगाऊ नोंदणी ३५० वर बंद. उरलेल्या १५० दिवाळीच्या स्टॉलवर. भरताना माल थोडा कमी निघतोच. तसं झालं तर तूट स्टॉलच्या वाट्यातून जाईल. ज्यांनी पैसे भरलेत त्यांच्या डबीला हात लावायचा नाही.

नोंदणी घटस्थापनेला सकाळी उघडू, २१९ रुपयांत, सोलापूर शहरात घरपोच. पूर्ण रक्कम यूपीआयने आधी घ्यायची. दादा, तुम्ही ५० रुपये टोकन म्हणालात, पण टोकन देणारा माणूस डबी दारात आल्यावर मन बदलतो आणि डिलिव्हरीचा खर्च आपल्या अंगावर पडतो. मात्र पूर्ण पैसे घेतले की जबाबदारीही पूर्ण. हे पैसे वेगळ्या खात्यात राहतील आणि बॅचचा चाचणी अहवाल हातात येईपर्यंत त्यातून रुपयाही काढायचा नाही. डब्यांचा आणि छपाईचा खर्च आपल्या भांडवलातून. माल नवरात्रात तयार होईल, अहवाल कोजागिरीपर्यंत, वाटप वसुबारसेच्या आत. तारीख हुकली तर गिऱ्हाईकाने विचारायच्या आधी आपण कळवायचं आणि मागेल त्याला सगळे पैसे परत.

३५० झाल्यावर प्रतीक्षा यादी. तिच्यात पैसे घ्यायचे नाहीत; नाव, नंबर आणि पेठ एवढंच. कोणी रद्द केलं की यादीतल्या पुढच्या व्यक्तीला निरोप, पैसे भरायला ४८ तास, नाहीतर त्याच्या पुढचीला. ओळखीच्यांना मधे घुसवायचं नाही, माझ्या मावशीलासुद्धा नाही. आणि यादीतलं प्रत्येक नाव म्हणजे विक्री असं धरून दुसऱ्या खेपेच्या डब्या मागवू नका. पहिल्या गिऱ्हाइकांनी तीन आठवडे वापरल्यावर कुणाला खाज, पुरळ आलं का ते कळेल. तेव्हाच पुढचा आकडा ठरवू.

एक व्यावहारिक अडचण: व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि आपला नंबर सेव्ह केलेल्यांनाच निरोप पोचतो. म्हणून दोन याद्या, आणि नोंदणीच्या पहिल्याच उत्तरात नंबर सेव्ह करायची विनंती. पूर्व भागासाठी निरोप तेलुगूतही हवा, शहरात कानडी घरंही पुष्कळ. तो वहिनींनी शेजारणींकडून तपासून घ्यावा.

"मर्यादित साठा" लिहायचं तर आकडा खरा. रोज संध्याकाळी स्टेटसवर किती उरल्या ते टाकू. ३५० भरल्यावर "खास तुमच्यासाठी अजून ५०" असलं काही नको. पहिल्याच महिन्यात शब्द फिरवला तर या गावात तो नवी पेठेपासून सात रस्त्यापर्यंत पोचतो.

जाहिरातीत "काळे ओठ गुलाबी होतात" म्हणायचं नाही. सिद्ध करता येणार नाही, आणि सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० खोटे, दिशाभूल करणारे दावे करू देत नाहीत. "आयुर्वेदिक"ही नको, त्याचा परवाना वेगळा असतो. ओठ मऊ राहतात, एवढं पुरेसं आहे आणि ते खरं आहे. लेबलवर घटकांची यादी, बॅच नंबर, कारखान्याचा परवाना क्रमांक आणि पत्ता, किती तारखेपर्यंत वापरायचं, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी फोन. छपाईला देण्याआधी तिघांनी वेगवेगळं वाचायचं.

मला सगळ्यात जास्त काळजी उन्हाची आहे. कोकम बटर साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं आणि ऑक्टोबरच्या दुपारी स्कूटरच्या डिकीत तेवढी गरमी सहज होते. मेणामुळे डबी तग धरेल, पण किती ते अंदाजाने नको. दादा, कारखान्याकडून आलेल्या नमुन्यांतल्या सहा डब्या उद्यापासून रोज दुपारी डिकीत ठेवून फिरवा. बाम फुटला किंवा वर तेल सुटलं तर मेणाचं प्रमाण वाढवायला त्यांना या आठवड्यातच सांगावं लागेल. वाटप तरीही सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळीच.